भाषणाचं पहिलं वाक्य: प्रश्न, गोष्ट की आकडा?

"व्यासपीठावर विराजमान आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मंडळाचे सर्व पदाधिकारी, उपस्थित मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो! सर्वप्रथम मला इथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. मी आपला फार वेळ घेणार नाही..."

एवढं होईपर्यंत मागच्या रांगेतले मोबाइल खिशाबाहेर आलेले असतात. गणेशोत्सवातलं व्याख्यान असो, शाळेतला 15 ऑगस्ट असो की सोसायटीतलं आरोग्य शिबिर, सुरुवात साधारण अशीच होते. याला कंटाळून गेल्या काही वर्षांत दुसऱ्या टोकाचा सल्ला मिळू लागला आहे. वक्तृत्वाचे क्लास, कंपन्यांतली प्रशिक्षणं, मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ, सगळीकडे एकच मंत्र: पहिल्या वाक्यातच 'हुक' टाका. प्रश्न विचारा, छोटी गोष्ट सांगा, नाहीतर धक्का देणारा आकडा फेका.

आता गंमत अशी झाली आहे की निम्मी भाषणं 'तुम्हाला माहीत आहे का?' अशी सुरू होतात आणि ऐकणारे पूर्वीइतकेच थंड बसलेले असतात. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. हुकचे तीन प्रकार सगळेच सांगतात, पण तो कशाच्या जोरावर चालतो आणि कधी उलटा पडतो हे फारसं कुणी सांगत नाही. तेच इथे बघू. हवेत बोलण्यापेक्षा एकच विषय घेऊ: गावात द्यायचं सर्पदंशावरचं 20 मिनिटांचं भाषण.

## हुक म्हणजे नेमकं काय?

भाषणाच्या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात वक्ता असं काही सांगतो किंवा विचारतो, की ऐकणाऱ्याला पुढचं कळल्याशिवाय चैन पडू नये. त्याला हुक म्हणायचं. व्याख्या संपली.

यात 'पुढचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. विनोदाला लोक हसले, शेरला 'वाहवा' मिळाली, ढोल वाजला आणि सगळ्यांनी माना वळवल्या, यातलं काहीही आपोआप हुक होत नाही. माना वळल्या हे खरं, पण वळून त्यांना कशाची वाट बघायची आहे? काही नसेल तर दहा सेकंदांत त्या परत जागेवर जातात.

किराणा दुकानात वही ठेवून उधारी चालते, तसा हा व्यवहार आहे. वक्ता सुरुवातीला श्रोत्यांचं लक्ष उधार घेतो. ते पुढच्या बोलण्यातून फेडावं लागतं. फेडलं की दुकानदार पुन्हा देतो, थकवलं की वही बंद. बहुतेक फसलेल्या हुकचं कारण इथेच सापडतं. उधारी घेतली एका नावावर आणि माल नेला दुसऱ्याच घरी.

## लक्ष तर सुरुवातीला असतंच, मग वेगळं काय करायचं?

हा आक्षेप नवा नाही. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात तो दोन हजार वर्षांपूर्वीच घेतला आहे. त्याचं म्हणणं, भाषणाच्या सुरुवातीलाच 'कृपया लक्ष द्या' म्हणणं हास्यास्पद आहे, कारण तेव्हा सगळे तसेही ऐकतच असतात; लक्ष ढळतं ते पुढे कुठेतरी. त्याच ठिकाणी तो प्रॉडिकस नावाच्या वक्त्याचा किस्सा देतो. श्रोते पेंगायला लागले की हा गृहस्थ आपल्या पन्नास द्राख्मा फीच्या महागड्या व्याख्यानातला एखादा तुकडा मध्येच सोडत असे.

मला ॲरिस्टॉटल पटतो. माइकजवळ नवा माणूस आला की पहिली काही सेकंदं सगळे त्याच्याकडे बघतातच. माणूस कोण, आवाज कसा, किती वेळ घेणार याचा अंदाज घेतात. हे लक्ष फुकट मिळतं. म्हणजे हुकचं काम लक्ष वेधण्याचं नाहीच. फुकट मिळालेलं लक्ष विरायच्या आत त्याला धरायला काहीतरी देणं, हे त्याचं काम. आभार आणि नामावळीत गमावलं जातं ते हेच. लोक बघत असतात आणि आपण त्यांच्या हातात काहीच देत नाही.

इथे ती 'आठ सेकंदां'ची गोष्ट हमखास निघते: आजच्या माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या 2015 मधल्या एका अहवालामुळे हे वाक्य जगभर फिरलं. ज्यांनी नंतर त्याचा माग काढला, त्यांना ना माणसाच्या आठ सेकंदांमागे धड अभ्यास सापडला, ना माशाच्या नऊ सेकंदांमागे. तीन तासांचं नाटक आणि पाच दिवसांची कसोटी बघणाऱ्या लोकांना आठ सेकंदांत पकडायचं म्हणून घाई करायचं काही कारण नाही. शांतपणे अर्धं मिनिट घ्या.

## उत्सुकता कुठून येते?

अमेरिकेतले अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये उत्सुकतेबद्दल एक कल्पना मांडली, तिला 'माहितीतली फट' म्हणता येईल. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत असावंसं वाटतं, यांच्यात फट दिसली की ती बुजवावीशी वाटते. फट दिसलीच नाही तर उत्सुकताही नाही. म्हणजे ज्या विषयातलं काहीच ठाऊक नाही, त्याबद्दल माणूस उत्सुक नसतो, कारण आपल्याला काय माहीत नाही हेच त्याला माहीत नसतं. सगळंच ठाऊक असेल तरीही उत्सुकता नसते. ती मधल्या पट्ट्यात असते.

2009 मध्ये कॅल्टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन हे तपासलं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला अजिबात येत नाही, किंवा जे पक्कं येतं, तिथे उत्सुकता कमी निघाली. 'थांबा, हे मला माहीत आहे बहुतेक...' असं ज्या प्रश्नांबाबत वाटलं, तिथे ती सर्वांत जास्त होती.

वक्त्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. हुक चांगला की वाईट हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. एकच प्रश्न शेतकऱ्यांच्या सभेत जीव ओततो आणि डॉक्टरांच्या परिषदेत जांभई आणतो. 'भाषणासाठी 50 जबरदस्त सुरुवाती' अशा याद्या म्हणूनच कामाच्या नसतात. त्यात श्रोते नसतात.

## एकच भाषण, तीन सुरुवाती

आता आपला विषय. समजा, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर जूनच्या सुरुवातीला गावात बोलायला आले आहेत. समोर शेतकरी, शेतमजूर, बचत गटातल्या बायका, काही शाळकरी पोरं. डॉक्टरांना 20 मिनिटांत एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात बसवायची आहे: साप चावल्याचा संशय आला तरी, दुखत असो वा नसो, मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठा.

हे वाक्य आधी ठरवायचं आणि मग हुक शोधायचा. उलट्या क्रमाने काम केलं की हुक सुंदर सापडतो आणि भाषण त्याच्यामागे फरपटत जातं.

प्रश्न. सर्वांत सुचणारा प्रश्न असा: 'सर्पदंश किती धोकादायक असतो, हे आपल्याला माहीत आहे का?' हा बिनकामाचा आहे. त्याला उत्तर एकच, 'हो, असतो', आणि तेही मनातल्या मनात. फट कुठेच पडली नाही. दुसरा नेहमीचा प्रश्न, 'तुमच्यापैकी किती जणांच्या घरात कुणाला साप चावलाय?' हा तर जोखमीचा. गावात असं घर असू शकतं जिथे मागच्याच पावसाळ्यात माणूस गेला. त्या घरची बाई समोर बसलेली असेल तर पुढची 20 मिनिटं सभा तिच्याकडे बघत बसेल.

आता हा प्रश्न बघा: 'नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. यातला मण्यार चावला तर किती दुखेल? ज्यांना वाटतं की आग-आग होईल, माणूस ओरडेल, त्यांनी हात वर करा.' हात मोजायचे. 'आणि ज्यांना वाटतं की मुंगी चावल्याइतकंच?' पुन्हा मोजायचे. मग क्षणभर थांबायचं.

बहुतेक हात पहिल्या पर्यायाला जातील. खरं उत्तर दुसऱ्याच्या जवळ आहे. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि पुष्कळदा दुखणं इतकं किरकोळ असतं की माणूस जागाही होत नाही. सूज नाही, दाताची खूण दिसेल न दिसेल. विष मात्र मज्जातंतूंवर चालतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात.

हा प्रश्न का चालतो? एक, तो मधल्या पट्ट्यातला आहे. मण्यार सगळ्यांना ठाऊक असतो आणि प्रत्येकाला उत्तर येतं असं वाटतं. दोन, पर्याय दोनच असल्याने हात वर करणं सोपं आहे. मोकळ्या प्रश्नाला मराठी सभेत सहसा शांतताच मिळते, कारण पहिलं बोलून हसं करून घ्यायला कुणी तयार नसतं. तीन, आणि हे मुख्य, लोकांचं जे उत्तर चुकतं तीच चूक माणसं मारते. 'दुखत नाही म्हणजे विषारी नसेल, सकाळी बघू.' प्रश्नाचं उत्तर आणि भाषणाचा मुद्दा एकच आहे. उधारी ज्या नावावर घेतली, त्याच नावावर फिटते.

स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी टेड या व्याख्यानांच्या परिषदेतल्या 2006 च्या आपल्या प्रसिद्ध भाषणात हेच केलं होतं. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की आपण विद्यार्थ्यांना देशांच्या पाच जोड्या दिल्या, उदाहरणार्थ श्रीलंका आणि तुर्कस्तान, आणि प्रत्येक जोडीत बालमृत्यू कुठे जास्त ते विचारलं. विद्यार्थ्यांची पाचपैकी सरासरी 1.8 उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी शांतपणे हिशेब मांडला: दोन देशांच्या नावाची दोन केळी ठेवून चिंपांझीला निवडायला लावलं असतं, तर त्याची 2.5 बरोबर आली असती. पुढे त्यांनी आपल्या संस्थेतल्या प्राध्यापकांनाही तीच परीक्षा दिली आणि ते चिंपांझीच्या बरोबरीला आले. सभागृह हसलं, पण रोसलिंग यांना विनोद करायचा नव्हता. अडाण्याचे अंदाजही सरासरीने अर्धे बरोबर येतात. त्याहून कमी गुण मिळाले, याचा अर्थ डोक्यात आधीपासून चुकीचं चित्र बसलेलं आहे. पुढचं सगळं भाषण ते चित्र पुसण्यासाठी होतं.

गोष्ट. आता तेच भाषण गोष्टीने सुरू करू.

'समजा, जुलैची रात्र आहे. एक माणूस जमिनीवर सतरंजी टाकून झोपलाय. पहाटे तीनला पोटात दुखतंय म्हणून उठतो. बायको ओवा-मीठ देते. पाचला तो म्हणतो, झोप आवरत नाही, डोळे उघडत नाहीत. अंगावर जखम नाही. घरात कुणी साप पाहिलेला नाही. तुम्ही शेजारी आहात आणि तुम्हाला हाक मारली आहे. काय कराल?'

इथे थांबायचं. गोष्ट जेमतेम अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट पुढे लागणार आहे. जमिनीवरची सतरंजी आली, कारण नंतर खाटेबद्दल आणि गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीबद्दल सांगायचंय. पोटदुखी आली, कारण मण्यारच्या विषाचं ते सुरुवातीचं लक्षण असू शकतं आणि लोक त्याला ॲसिडिटी समजतात. जड पापण्या आल्या, कारण हे लक्षण घरच्या माणसालाही ओळखता येतं. माणसाचं नाव, त्याची तीन मुलं, त्याचं कर्ज, बाहेर कोसळणारा पाऊस यातलं काहीच नाही. नवखा वक्ता नेमकं तेच घालतो आणि गोष्ट चार मिनिटांची करतो. सुरुवातीची गोष्ट रडवण्यासाठी नसते, अडकवण्यासाठी असते.

दुसरी खुबी म्हणजे गोष्ट अर्धवट सोडली आहे. माणूस वाचला की नाही, हे सांगितलेलं नाही. ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सांगायचं, तेही तुकड्यातुकड्याने: आधी काय झालं असावं, मग शेजाऱ्याने काय करायला हवं. अंग हलू न देता त्याला आडवं ठेवायचं, 108 ला फोन करायचा, दोरी आवळायची नाही, काप घ्यायचा नाही, तोंडाने विष ओढायचं नाही, आणि प्रतिविष व श्वासोच्छ्वासाचं यंत्र जिथे आहे तिथे न्यायचं. शेवटच्या मिनिटापर्यंत उत्तर दाबून ठेवणारे वक्ते असतात. तसं करू नये. दहा मिनिटांनी ऐकणारे वैतागतात किंवा विसरतात.

आकडा. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 माणसं दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. आकडा धक्कादायक आहे यात वाद नाही. पण गावच्या सभेत '58,000' म्हटल्यावर काय होतं? काही नाही. 8,000 म्हटलं असतं तरी चेहरे तसेच राहिले असते. मोठा आकडा कानावरून जातो.

म्हणून त्याला हाताच्या मापात आणतात. 58,000 ला वर्षाच्या मिनिटांनी भागलं की साधारण दर नऊ मिनिटांना एक मृत्यू येतो. 'मी 20 मिनिटं बोलणार आहे. तेवढ्यात या देशात दोन माणसं साप चावून मेलेली असतील.' हे अंगावर येतं. ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांनी 2010 च्या टेड भाषणाची सुरुवात अशीच केली होती: पुढच्या 18 मिनिटांत चार अमेरिकन माणसं आपल्या खाण्यामुळे मरतील.

तरीही आपल्या सभेसाठी मी हा आकडा निवडणार नाही. लोक घाबरतील, पण भीतीतून दवाखान्याची वाट निघत नाही. मांत्रिकाकडे जाणाराही घाबरलेलाच असतो. शिवाय आकडा देशाचा आहे. त्याच अभ्यासात सर्वाधिक मृत्यूंची जी आठ राज्यं सांगितली आहेत, त्यांत महाराष्ट्र नाही. श्रोत्यांपैकी कुणी 'आपल्याकडे किती?' असं विचारलं तर डॉक्टर पहिल्याच मिनिटाला अडकतील.

त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे आणि तो सोनं आहे. या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर झाले. 'साप चावून मेलेल्या दर चार माणसांपैकी तीन माणसं दवाखान्यात मेलीच नाहीत. मग ती कुठे होती?' आता फट पडली. कुणी म्हणेल वाटेत, कुणी देवळात, कुणी घरी. आणि हे सगळं बोलणं ज्या दिशेने जातंय, तिथेच डॉक्टरांना जायचंय. आकडा निवडताना तो किती मोठा आहे हे बघण्यापेक्षा, ऐकल्यावर लोकांच्या मनात कोणता प्रश्न उठेल हे बघायचं.

## श्रोते बदलले तर?

तेच डॉक्टर पुढच्या आठवड्यात तालुक्याला नर्सेस आणि नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे बोलणार आहेत. मण्यारचा प्रश्न इथे मरतो, उत्तर सगळ्यांना पाठ आहे. इथे मला एक वेगळीच सुरुवात आवडते.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला खेड्यातल्या केंद्रातही करता येणारी एक चाचणी आहे. काचेच्या नळीत रुग्णाचं 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरकी करायची. रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही, म्हणजे विषबाधा. डॉक्टरांनी भाषण सुरू करताना स्वतःचं 4 मिली रक्त काढून घ्यावं आणि दोन नळ्यांत प्रत्येकी 2 मिली घालावं. एक नवी, कोरडी काचेची. दुसरी प्लास्टिकची. टेबलावर ठेवावं आणि म्हणावं, 'रक्त माझंच, दोन्हीकडे सारखं. 20 मिनिटांनी दोन्ही तिरक्या करू. तुमचा अंदाज कागदावर लिहून ठेवा.'

काचेला स्पर्श झाल्याने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ती नीट होत नाही, आणि मग निरोगी माणसाचं रक्तही विषारी वाटू शकतं. प्रत्यक्षात चुका इथेच होतात. भाषण 20 मिनिटांचं, चाचणीही 20 मिनिटांची. सगळ्यांचं अर्धं लक्ष टेबलाकडे राहील, आणि इथे ते राहायलाच हवं. लिहून घेतलेला अंदाज चुकला तरी बिघडत नाही. आधी अंदाज करायला लावून मग उत्तर दिलं, तर ते जास्त लक्षात राहतं, असं शिकण्यावरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

## हुकने नुकसान होऊ शकतं का?

होतं. हा भाग क्लासमध्ये सांगत नाहीत म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या दोघांनी 1998 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. वीज कशी तयार होते हे समजावणारा एक धडा विद्यार्थ्यांना वाचायला दिला. काहींच्या धड्यात मधूनमधून चटकदार माहिती पेरली होती: विमानावर वीज पडते तेव्हा काय होतं, मैदानावरच्या खेळाडूवर पडते तेव्हा काय होतं. वाचायला मजा, पण वीज कशी तयार होते याच्याशी तिचा संबंध नाही. ज्यांनी हा चटकदार धडा वाचला, त्यांना मूळ मुद्दे कमी आठवले आणि वीज कशी बनते यावरचे प्रश्नही कमी सुटले.

नेमकं काय बिघडतं, हेही त्यांनी शोधलं. वाचणाऱ्याचं लक्ष विचलित होतं म्हणून? तसं असतं तर महत्त्वाची वाक्यं ठळक छापल्यावर फरक पडला असता. तो पडला नाही. मग चटकदार माहिती एकदा धड्याच्या सुरुवातीला ठेवली आणि एकदा शेवटी. सुरुवातीला ठेवली तेव्हा नुकसान झालं, शेवटी ठेवली तेव्हा कमी झालं. त्यांचा निष्कर्ष असा की पहिल्यांदा जे वाचतो त्यावरून आपण 'हा धडा कशाबद्दल आहे' हे ठरवतो आणि पुढचं सगळं त्या खुंटीला टांगत जातो. खुंटीच चुकीची असेल तर मुद्दे जागेवर बसत नाहीत.

प्रयोग वाचण्यावरचा आहे, भाषणावरचा नाही, हे खरं. पण भाषणात मागचं पान उलटून बघता येत नाही, त्यामुळे तिथे हे आणखी जड जाईल असं मला वाटतं. आपल्या डॉक्टरांनी 'एका माणसाला नागाने चावा घेतला आणि त्याने रागाने नागालाच चावलं' या किश्श्याने सुरुवात केली, तर हशा पिकेल आणि लोक घरी जाऊन तोच सांगतील. दवाखाना राहील बाजूला.

## नेहमीचे काही आक्षेप

*'अध्यक्षांचं नाव आधी घेतलं नाही तर ते दुखावतील.'* दुखावतील, आणि ते टाळायलाच हवं. पण नामावळी वाचणं हे सूत्रसंचालकाचं काम आहे आणि बहुतेक वेळा त्याने ती वाचलेली असते. वक्त्याने 'अध्यक्ष महोदय आणि मंडळी, नमस्कार' म्हणून पुढच्या वाक्याला हुक टाकला तर मानपान सांभाळला जातो. संबोधन म्हणजे वाया गेलेला वेळ असंही नाही. 11 सप्टेंबर 1893 ला शिकागोत विवेकानंदांनी 'अमेरिकेतल्या भगिनींनो आणि बंधूंनो' म्हटलं आणि सभागृह टाळ्यांनी उठलं. त्यांचं बोलणंच सर्व धर्मांना आपलं मानण्याबद्दल होतं, त्यामुळे संबोधन हाच विषयाचा पहिला शब्द ठरला.

*'आपल्या कीर्तनात कुठे असतं हे? तिथे गोष्ट शेवटी येते.'* बरोबर. नारदीय कीर्तनात नमन, मग पूर्वरंगात अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. कीर्तनाला आलेला माणूस दोन तास बसायचं ठरवून, श्रद्धेने आलेला असतो. त्याला धरून ठेवायची गरज सुरुवातीला नसते, मध्यंतरानंतर असते, आणि आख्यान नेमकं तिथे ठेवलेलं आहे. ॲरिस्टॉटलने याला मान डोलावली असती. श्रोते आधीच तुमचे असतील, तर हुक मागे ढकला.

*'प्रश्न विचारला आणि एकही हात वर झाला नाही तर?'* होतं असं. तीन-चार सेकंद थांबा. वक्त्याला ती फार वाटतात, श्रोत्यांना नाही. तरीही हात नसेल तर 'परवा शेजारच्या वाडीत विचारलं तेव्हा बहुतेकांनी पहिल्याला हात केला' असं म्हणून पुढे जा, अर्थात खरोखर विचारलं असेल तरच. ओशाळून स्वतःच घाईघाईने उत्तर देऊन टाकणं सर्वांत वाईट.

*'गोष्ट रचलेली चालते का?'* 'समजा' म्हणून सांगितली तर चालते. वरची सतरंजीवाली गोष्ट तशीच आहे. 'परवाच आमच्या केंद्रात घडलेली' म्हणून रचलेली सांगितली आणि गावातल्या कुणी नाव विचारलं, की पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास गेला. खऱ्या रुग्णाची सांगायची असेल तर नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील काढून टाका.

*'प्रत्येक भाषणाला हुक हवाच का?'* मुळीच नाही. शोकसभेत नको. आग लागल्यावर काय करायचं ते सांगायला उभे असाल तर आधी जिना दाखवा. कामाच्या बैठकीत, जिथे सगळ्यांना विषय ठाऊक आहे आणि निर्णय हवाय, तिथे 'आज अमुक ठरवायचंय' हे वाक्य कुठल्याही गोष्टीपेक्षा बरं.

## आपला हुक तपासायचा कसा?

भाषण लिहून झाल्यावर सुरुवातीचं अर्धं मिनिट झाकून उरलेलं वाचा. काहीच अडलं नाही, कुठलाही संदर्भ लोंबकळला नाही, तर तो हुक नुसता चिकटवलेला आहे. गोष्टीतली सतरंजी काढल्यावर मच्छरदाणीचा मुद्दा आधारहीन वाटला पाहिजे.

दुसरी तपासणी भाषण झाल्यावर, चहाच्या वेळी. दोघा-तिघांना सहज विचारा, 'घरी गेल्यावर काय सांगाल?' 'डॉक्टरांनी मण्यारची गोष्ट सांगितली' एवढंच उत्तर आलं, तर गोष्ट जिंकली आणि भाषण हरलं. पुढच्या गावी ती बदला. 'दुखलं नाही तरी 108 ला फोन करायचा म्हणे' असं कुणी म्हणालं तर तीच सुरुवात ठेवा. तिथे फक्त '108 चा नंबर लागला नाही तर कुणाची गाडी?' हा प्रश्न उरतो, आणि तो सरपंचांसमोर त्याच चहाच्या वेळी काढायचा.